अर्धावभेदकाचा रुग्ण आणि कार्यालयास द्यावयाचे पत्र

तिकोणा पेठेतील एक तिशीतील रुग्णा आमच्याकडे अर्धशिशीच्या उपचारासाठी येत असे. तळेगावकडील एका कारखान्याच्या कचेरीत संगणकावर माल-नोंदीचे तिचे काम. एके दिवशी ती म्हणाली, "डॉक्टर, कचेरीत दिवे थोडे कमी करून मिळतील, असं एक पत्र द्या." आम्ही तत्काळ लिहून दिले : 'सदर रुग्णेस अर्धावभेदक हा व्याधी असून तिला मंद प्रकाश व विश्रांतीची आवश्यकता आहे.' चार दिवसांनी ती रडवेली होऊन परतली. मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्यांनी तिला सरळ विचारले होते, "म्हणजे तुम्ही काम करू शकत नाही, असंच ना?" आणि बिनपगारी रजेचा अर्ज तिच्यापुढे ठेवला होता.

दोष अधिकाऱ्यांचा नव्हता, आमच्या पत्राचा होता. त्यात व्याधीचे नाव होते. परंतु काय बदलावे, किती काळ बदलावे आणि रुग्णा काम करण्यास समर्थ आहे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. असे पत्र आपल्यापैकी पुष्कळांकडे मागितले जाते, म्हणून पुढील अनुभव सविस्तर मांडतो.

प्रथम निदान पक्के केले. अकस्मात उद्भवलेली अतितीव्र वेदना, ज्वर व मान ताठरणे, अंगातील बळ जाणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला शिरःशूल यांपैकी काही असते, तर पत्राचा विचार बाजूस ठेवून तिला तातडीने रुग्णालयात धाडले असते. तसे काही नव्हते. अर्ध्या डोक्यात ठणका, हालचालीने वाढ, मळमळ, प्रकाश व आवाज असह्य होणे आणि वेग बहुधा दिवसभर टिकणे, असे स्पष्ट चित्र होते.

नंतर तिला सहा आठवड्यांची नोंदवही ठेवण्यास सांगितले. अर्धावभेदकाचा वेग पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी अथवा अकस्मात येतो, असे सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात सांगितले आहे; तेव्हा रुग्णाच्या स्मरणावर विसंबण्यापेक्षा काळाची नोंद करणे हेच शास्त्रसंमत होय. वहीत वेग सुरू झाल्याची वेळ, झोपेची व उठण्याची वेळ, जेवण, मासिक पाळी, त्या वेळी बसण्याची जागा, घेतलेल्या गोळ्या आणि बुडालेले तास, एवढेच रकाने होते.

सहा आठवड्यांत ९ वेग आले. त्यांतील ६ कचेरीत, दुपारी २ ते ५ या वेळेत सुरू झाले होते. शिवाय ९ पैकी ५ वेग कामाची पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतले होते. दर पंधरवड्यास पाळी सकाळी ७ वरून १० वर आणि पुन्हा ७ वर जाई. ७ च्या पाळीसाठी तिला पाचच्या आत घर सोडून दुचाकीने कामशेत व पुढे लोकल गाठावी लागे. मग पोटात अन्न जाई ते थेट दुपारी. अध्यशन, वेगधारण व आयास ही हेतूंची यादी आपण पाठ म्हणतो. येथे जागरण आणि उपवासाची तिच्यात भर पडली होती.

बसण्याच्या जागेचेही वर्णन मागविले. पश्चिमेची खिडकी पाठीमागे असल्याने दुपारचे ऊन पडद्यावर चकाके. डोक्यावर जुन्या चोकची ट्यूब होती. अशी ट्यूब आपल्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यास ते जाणवत नाही. परंतु त्या उजेडात पेन झपाट्याने हलविल्यास त्याच्या तुटक प्रतिमा दिसतात. तिने तसे करून पाहिले, तो तशाच दिसल्या. इंग्लंडमधील विल्किन्स व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कचेऱ्यांत केलेल्या अभ्यासात अशा ट्यूबऐवजी उच्च वारंवारितेच्या ट्यूब लावल्यावर डोकेदुखी व डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला होता. म्हणजे तिची अडचण प्रकाश 'जास्त' असण्याची नव्हती, तर चकाकी आणि लुकलुकीची होती. सर्वांचे दिवे मंद करा, ही आमची पहिली मागणी म्हणूनच चुकीची होती. तिने सहकाऱ्यांची गैरसोय झाली असती आणि मूळ कारण तसेच राहिले असते.

मग दुसरे पत्र रुग्णेच्या संमतीने लिहिले. मासिक पाळीचा उल्लेख तिच्या इच्छेनुसार गाळला. पहिलेच वाक्य असे होते : 'सदर कर्मचारी आपले नेमून दिलेले सर्व काम करण्यास समर्थ आहेत, पुढील तीन बदलांनी कामात पडणारा खंड कमी होण्याची शक्यता आहे.' पहिला बदल : टेबल खिडकीशी काटकोनात वळवावे, डोक्यावरील ट्यूब बदलावी व लागल्यास मेजावर दिवा द्यावा. दुसरा : दर तासाला ५ मिनिटे पडद्यापासून दूर असावे, त्या वेळी कागदपत्रे लावण्याचे काम त्या करतील. तिसरा : पाळी १० ची कायम ठेवावी आणि वेग आलेल्या दिवशी दोन तासांपर्यंत उशिरा येण्याची मुभा असावी, ते तास त्याच आठवड्यात भरून दिले जातील. शेवटी, 'सहा आठवड्यांनी नोंदवहीसह फेरविचार व्हावा,' असे लिहून दिनांक व नोंदणी क्रमांक घातला.

कायद्याचा धाक पत्रात घातला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टात दीर्घकालीन मज्जाविकार येतात. परंतु तेथे अर्धशिशीचे नाव नाही आणि नोकरीत वाजवी सोय करून देण्याचे कलम २० मधील स्पष्ट बंधन शासकीय आस्थापनांवर आहे. खाजगी कचेरीत हे पत्र विनंतीच असते. मात्र चकाकी टाळण्याची अपेक्षा नवीन नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १७ मध्येच ती होती.

अधिकाऱ्यांनी पहिले दोन बदल मान्य केले. १० ची पाळी तीन महिन्यांपुरती दिली. उशिरा येण्याची मुभा हजेरीच्या यंत्रात बसत नाही म्हणून नाकारली. पुढील सहा आठवड्यांत ९ ऐवजी ५ वेग आले. त्याच काळात पथ्यादि क्वाथ व नस्य चालू होते आणि सकाळचे जेवणही वेळेवर होऊ लागले होते. तेव्हा सारे श्रेय दिव्यास किंवा औषधास देता येणार नाही.

दोन गोष्टी मात्र बिघडता बिघडता सावरल्या. ती कचेरीत दिवसभर काळा चष्मा लावू लागली होती. डोळे अंधारास सरावले की साधा उजेडही बोचू लागतो. म्हणून बंद जागेतील चष्मा हळूहळू सोडविला. दुसरी गोष्ट पवनानगरच्या औषध दुकानदारांनी लक्षात आणून दिली : "डॉक्टर, या ताई आठवड्याला डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी नेतात." वही पाहता महिन्यातील १२ दिवस संयुक्त वेदनाशामक घेतल्याचे दिसले. अशा गोळ्या महिन्यात १० किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या गेल्यास त्यांनीच डोकेदुखी जडते. मग कितीही दिवे बदलले तरी गुण येत नाही. त्या आम्ही क्रमाने कमी केल्या. ही बाब पत्र देण्यापूर्वीच तपासावयास हवी होती.

तीन महिने पूर्ण झाल्यावर ती पुन्हा पाळीचे पत्र मागण्यास आली. आम्ही प्रथम वही मागितली, आणि तिने ती पिशवीतून काढून पुढे ठेवली.