चौपाखी छपराचा कोपरा

१९९६ साली आलेल्या ‘क्वेक’ या संगणकीय खेळाच्या नकाशाची फाइल उघडली, तर भिंतींचे कोपरे तिच्यात कुठेच सापडत नाहीत. तिथे असतात नुसती प्रतलं, म्हणजे चारी दिशांना अमर्याद पसरलेले सपाट पृष्ठभाग. प्रत्येक ठोकळा म्हणजे अशा काही प्रतलांमध्ये कोंडलेली जागा. तिच्या कडा आणि कोपरे कुठे येतात, हे प्रोग्रॅमने हुडकायचं.

अशाच एका घरावर चौपाखी छप्पर घालू. आरंभबिंदू घराच्या मधोमध जमिनीवर, आणि z ही उंची. एका पाख्याचं समीकरण x + z = ९६, त्याला काटकोनात वळलेल्या शेजारच्या पाख्याचं y + z = ९६. समीकरणातले सहगुणक उचलले की प्रतलाला लंब असलेला सदिश हाती येतो: पहिल्याचा (१, ०, १), दुसऱ्याचा (०, १, १). या लंबांना n1, n2 म्हणू आणि उजवीकडच्या आकड्यांना d1, d2.

दोन पाखे एका रेषेत भेटतात. ती रेषा दोन्ही प्रतलांत आहे, म्हणून दोन्ही लंबांना काटकोनात आहे. क्रॉस प्रॉडक्ट नेमका असाच सदिश काढून देतो. n1×n2 = (-१, -१, १), म्हणजे कोनवासा एक माप वर चढताना दोन्ही बाजूंनी एकेक माप आत सरकतो. आडवं अंतर त्यामुळे √२ होतं आणि चढ सुमारे ३५ अंशांचा. पाखे मात्र दोन्ही ४५ अंशांचे! कोनवासा पाख्यापेक्षा नेहमीच कमी उभा असतो. सुताराला हे हाताने ठाऊक असतं, इथे ते तीन आकड्यांत दिसतं.

आता तिसरं प्रतल घेऊ: वळचणीची पातळी, z = ३२. तिचा लंब n3 = (०, ०, १), आणि d3 = ३२. तिन्ही प्रतलं जिथे भेटतात तो छपराचा खालचा कोपरा. तो काढण्याचं सूत्र असं:

```
p = (d1*(n2×n3) + d2*(n3×n1) + d3*(n1×n2)) / (n1·(n2×n3))
```

हे पाठ करण्यापेक्षा त्यामागची चाल पाहावी. n2×n3 या दिशेने सरकलं, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या समीकरणाच्या डाव्या बाजूत काहीच फरक पडत नाही, कारण ही दिशा त्या दोन्ही लंबांना काटकोनात आहे. बदलते ती फक्त पहिल्या समीकरणाची बाजू. आरंभबिंदूपासून निघून पहिलं समीकरण जुळेपर्यंत या दिशेने सरकायचं, मग दुसऱ्यासाठी n3×n1 च्या दिशेने, शेवटी तिसऱ्यासाठी n1×n2 च्या दिशेने. एक जुळवताना आधी जुळलेलं बिघडत नाही, सगळी खुबी यातच. छेद सांगतो की एका पावलाला समीकरण कितीने पुढे जातं.

आपल्या छपरासाठी तीन दिशा येतात (१, ०, ०), (०, १, ०) आणि (-१, -१, १). छेद १. म्हणून ९६, ९६ आणि ३२ ने गुणून बेरीज केली की मिळतं (६४, ६४, ३२). समीकरणांत घालून पाहा: ६४ + ३२ = ९६, दोन्हीकडे बरोबर.

कोनवाशाची दिशा कळली, पण तो जातो कुठून? त्यासाठी तिसरं प्रतल आपणच उभं करायचं: आरंभबिंदूतून जाणारं आणि कोनवाशालाच लंब असलेलं. n3 च्या जागी (-१, -१, १) आणि d3 च्या जागी शून्य घातलं की छेद येतो ३ आणि बिंदू (३२, ३२, ६४). हा रेषेवरचा आरंभबिंदूला सर्वांत जवळचा बिंदू. इतर कुठलंही तिसरं प्रतल घेतलं तर ते रेषेला समांतर निघण्याची धास्ती राहते, इथे ती नाही.

छेद शून्य आला तर कोपरा नाही. दोन प्रतलं समांतर असतील, किंवा तिन्ही तंबूसारखी एकाच दिशेने लांबत गेली असतील. त्याहून त्रासदायक म्हणजे जवळजवळ शून्य. दोन पृष्ठभागांत एक अंशाचाच कोन असेल, तर लंबांची लांबी १ धरूनही छेद ०.०१७ च्या वर जात नाही, आणि आकड्यांतली बारीकशी चूक कोपऱ्याला निदान ५७ पटीने सरकवते. म्हणून लंब आधी एकक लांबीचे करून मगच छेद तपासायचा. तसं केलं नाही, तर लंबांची लांबी वाढवून छेद हवा तेवढा मोठा दाखवता येतो आणि तपासणीला अर्थ राहत नाही.

सूत्राने दिलेला प्रत्येक बिंदू खरा कोपरा असतोच असं नाही. तो बाकीच्या प्रतलांच्याही आत आहे ना, हे पाहावं लागतं. आणि छपराच्या टोकाला उलटी अडचण येते. तिथे चारही पाखे (०, ०, ९६) वर भेटतात, त्यामुळे चारांतले कोणतेही तीन घेतले तरी तेच टोक पुन्हा मिळतं, एकूण चार वेळा. दशांशांच्या गोळाबेरजेत हे चार बिंदू केसभर इकडेतिकडे पडले, तर प्रोग्रॅम त्यांना वेगळे समजून छपराच्या टोकाशी सुईएवढे त्रिकोण तयार करतो. त्यामुळे ठरावीक अंतराच्या आत आलेले बिंदू एकच मानून मगच कडा जोडायला घ्यायच्या.