ऐंशी पानांचं लोणार एका पानात

उद्या सबमिशन. प्रोजेक्ट रिपोर्ट स्पायरल बायंडिंगला निघालाय आणि ग्रुपमधलं कुणीतरी ओरडतं, "अरे, एक्झिक्युटिव्ह समरी राहिलीच!" मग प्रस्तावनेतले दोन परिच्छेद उचलून पहिल्या पानावर टाकले जातात. झालं काम!

पण मित्रांनो, ज्याला निर्णय घ्यायचाय तो माणूस बहुतेक वेळा तेवढं एकच पान वाचतो. ते कसं लिहायचं, हे आपल्या बुलढाण्याच्याच एका उदाहरणावरून बघू.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं. फोटो सगळीकडे फिरले, तर्कवितर्कांना ऊत आला. वन विभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी'कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आता समजा, या विषयावर तुम्ही ऐंशी पानांचा रिपोर्ट लिहिलाय आणि तो तहसीलदारांच्या टेबलावर जाणार आहे. नेहमीची समरी अशी सुरू होते :

"लोणार हे बेसॉल्ट खडकात उल्काघाताने तयार झालेले जगप्रसिद्ध सरोवर आहे. प्रस्तुत अहवालात पाण्याच्या नमुन्यांचा सखोल अभ्यास करण्यात आला आहे."

यात खोटं काहीच नाही. पण लोणार कुठे आहे, हे तहसीलदारांना माहीत आहे. अभ्यास केला हेही रिपोर्टच्या जाडीवरून दिसतंय. त्यांचे प्रश्न तीन : पाणी गुलाबी का झालं? हे असंच राहणार का? आम्ही काय करायचं? समरीची पहिली ओळ म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. आघारकर संस्थेचे जे निष्कर्ष जाहीर झाले, त्यावरून आपण लिहून बघू :

"लोणारचं पाणी हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं. खूप खाऱ्या पाण्यात वाढणारे हे जीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पावसाचा अभाव, माणसांचा कमी वावर आणि जास्त तापमान यामुळे पाण्याचं बाष्पीभवन होऊन खारटपणा व पीएच वाढला आणि हे जीव फोफावले, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. रंग कायमचा नाही. हे जीव तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा नितळ दिसतं."

पाच वाक्यांत दोन प्रश्न सुटले. तिसऱ्याचं उत्तर म्हणजे शिफारस. 'योग्य त्या उपाययोजना कराव्यात' असं लिहू नका. कुणी, काय आणि किती वेळा, हे सांगा. उदाहरणार्थ, 'वन विभागाने दर महिन्याला ठरलेल्या जागी पाण्याचा खारटपणा आणि पीएच मोजावा.' अर्थात, हे आतल्या पानांत मांडलेलं असेल तरच. जे रिपोर्टमध्ये नाही, ते समरीत येता कामा नये.

खरी गडबड होते ती काटछाट करताना. वरचा मजकूर पुन्हा वाचा. पहिलं वाक्य नमुन्याच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीवर उभं आहे. तिसरं वाक्य त्या काळातल्या परिस्थितीवरून काढलेलं कारण आहे. दोन्हींचं वजन सारखं नाही, म्हणून तिथे 'असा संशोधकांचा निष्कर्ष आहे' हे शब्द आलेत. जागा वाचवायला आपण सगळ्यात आधी असेच शब्द उडवतो आणि अंदाज एकदम पक्कं सत्य बनून बसतो. तसंच तारखेचं. 'जून २०२०' गाळलं, तर वाचणाऱ्याला वाटेल, पाणी आजही गुलाबीच आहे!

म्हणून समरी पहिल्या पानावर बसते, पण लिहायची सगळ्यात शेवटी. आकडे अंतिम झाल्यावर. ऐंशी पानांसाठी एक पान पुरतं. 'प्रकरण चार पाहा' असं लिहू नका, कारण चौथं प्रकरण कुणी उघडणारच नाही. 'पीएच'सारखा शब्द टाळता येत नसेल, तर बाजूला अर्ध्या ओळीत अर्थ द्या : पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे, त्याचं माप.

शेवटी दोन चाचण्या करा. पेन्सिल घ्या आणि समरीतल्या प्रत्येक विधानासमोर ते रिपोर्टच्या कोणत्या पानावर आहे, तो आकडा लिहा. ज्याच्यासमोर आकडा लिहिता येत नाही, ते वाक्य काढून टाका. मग ते एकच पान दुसऱ्या शाखेतल्या मैत्रिणीला द्या. वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि विचारा, "काय झालं होतं? आता काय करायचं?" ती "लोणारवर काहीतरी अभ्यास केलाय" एवढंच म्हणाली, तर पहिली ओळ बदला. बायंडिंग नंतर.