उरलेल्या सामन्यांचा हिशेब

फॉर्म्युला वनचा २०२५चा हंगाम १६ मार्चला मेलबर्नच्या शर्यतीने सुरू झाला आणि ७ डिसेंबरला अबू धाबीत संपला. एकूण २४ शर्यती. त्यांतली चौदावी ३ ऑगस्टला हंगेरीत झाली आणि मग सगळे संघ उन्हाळी सुट्टीवर गेले. पंधरावी शर्यत थेट ३१ ऑगस्टला, नेदरलँड्समध्ये. समजा, एका गृहस्थांनी मार्चमध्ये बाराशे रुपये भरून ॲपवर हंगामाचा पास घेतला होता. सुट्टीच्या काळात त्यांच्या लक्षात आलं, की मुलीचं बारावीचं वर्ष आहे, रविवारची संध्याकाळ आता टीव्हीसमोर घालवणं जमणार नाही. पास सोडायचा ठरला. दहा शर्यती अजून व्हायच्या आहेत. मग पैसे किती परत मागायचे?

मनात पहिलं येतं ते उत्तर सोपं आहे. चोवीस शर्यतींचे बाराशे, म्हणजे शर्यतीमागे पन्नास. दहा उरल्या, तर पाचशे रुपये. हा हिशेब चूक नाही. फक्त तो ॲपवाल्यांचा असेलच असं नाही. पैसे परत देणारी कंपनी बहुतेक वेळा शर्यती मोजत नाही, दिवस मोजते. आणि दिवसांनी मोजलं की आकडा बदलतो.

पास १४ मार्चच्या पहिल्या सरावापासून ७ डिसेंबरपर्यंत चालतो असं धरू. हे २६९ दिवस होतात. ४ ऑगस्टला, म्हणजे हंगेरीच्या दुसऱ्या दिवशी, पास सोडला तर १२६ दिवस शिल्लक असतात आणि बाराशेतले ५६२ रुपये परत यायला हवेत. शर्यतींच्या हिशेबापेक्षा हे जास्त आहेत. पण तोच पास २८ ऑगस्टला, पुढच्या शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी सोडला, तर १०२ दिवस उरतात आणि आकडा ४५५ वर येतो. मधल्या साडेतीन आठवड्यांत एकही शर्यत झाली नाही, गृहस्थांनी काही पाहिलं नाही, उरलेल्या शर्यती तेव्हाही दहा आणि आताही दहाच. तरी १०७ रुपये गेले.

पास हंगामाचा नसून वर्षाचा असेल, तर आणखी गंमत. १४ मार्चपासून ३६५ दिवस मोजले, तर ४ ऑगस्टला २२२ दिवस शिल्लक राहतात, म्हणजे ७३० रुपये. आणि अबू धाबीची शर्यत संपल्यावर, पाहण्यासारखी एकही शर्यत शिल्लक नसताना, दिवसांच्या मापाने अजून ३१६ रुपये उरलेले दिसतात. ते कोणती कंपनी देणार? म्हणूनच पास घेताना तो कोणत्या तारखेला संपतो हे पाहणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्या एका तारखेवर सगळा भागाकार उभा असतो.

दिवस मोजायचे की प्रत्यक्ष मिळालेल्या गोष्टी, हा वाद युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. प्रकरण खेळाचं नव्हतं, जोडीदार शोधून देणाऱ्या जर्मन संकेतस्थळाचं होतं, पण प्रश्न नेमका हाच होता. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये एका महिलेने बारा महिन्यांचं सदस्यत्व घेतलं, किंमत ५२३ युरो ९५ सेंट. चार दिवसांनी तिने ते रद्द केलं. युरोपीय कायद्यानुसार दूरस्थ पद्धतीने घेतलेली सेवा चौदा दिवसांत कारण न देता सोडता येते. मधल्या काळात सेवा वापरली असेल तर तेवढ्या प्रमाणात पैसे द्यावे लागतात. पीई डिजिटल या कंपनीने तिच्याकडून ३९२ युरो ९६ सेंट मागितले, म्हणजे चार दिवसांसाठी पाऊण वर्षाची रक्कम. कंपनीचं म्हणणं असं, की सदस्यत्वात ठरावीक संख्येच्या ओळखींची हमी होती आणि त्यांतल्या बऱ्याचशा पहिल्या चार दिवसांतच करून दिल्या.

८ ऑक्टोबर २०२० रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने निकाल दिला. पूर्ण रक्कम घ्यायची, पूर्ण काळ घ्यायचा आणि काळाच्या प्रमाणात भाग काढायचा. याला अपवाद एकच: एखादी गोष्ट सुरुवातीलाच पूर्ण दिली जाईल आणि तिची किंमत वेगळी आकारली जाईल, असं करारात स्पष्ट लिहिलेलं असेल तर. चार दिवसांचा त्या मापाने हिशेब केला तर जेमतेम पावणेसहा युरो होतात. मला हा निकाल फार योग्य वाटतो. माप कोणतं हे कंपनीने विकतानाच सांगायला हवं. ग्राहक निघून जाताना सोयीचं माप काढून दाखवणं ही फसवणूकच आहे.

मात्र त्या निकालाचा आधार भारतातल्या प्रेक्षकाला मिळत नाही. आपल्याकडे असा चौदा दिवसांचा सरसकट हक्क कायद्यात नाही. युरोपातही ‘प्रक्षेपण लगेच सुरू करा, माघारीचा हक्क सोडतो’ अशा अर्थाच्या चौकटीवर खूण करून घेतात, म्हणजे वाद घालायला जागाच कमी उरते. भारतात सगळं ॲपच्या अटींवर येऊन थांबतं, आणि तिथे बहुतेकदा ‘रक्कम परत मिळणार नाही’ हे वाक्य असतं. मग आपल्या हातात काय उरतं, हे समजून घ्यायला आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

ॲपमधलं ‘कॅन्सल’ हे बटण पैसे परत देण्यासाठी नसतं. ते पुढच्या हंगामाचे पैसे आपोआप कापले जाऊ नयेत यासाठी असतं. ते दाबल्यावर पास मुदत संपेपर्यंत चालू राहतो आणि भरलेले पैसे कंपनीकडेच राहतात. परताव्याची मागणी वेगळी करावी लागते आणि ती मान्य झाली की प्रक्षेपण सहसा लगेच बंद होतं. ॲप फोनमधून काढून टाकल्याने यांतलं काहीच होत नाही. यूपीआयवरचा ऑटोपे बंद केल्याने पुढची कपात थांबते, मागची रक्कम परत येत नाही. पास हप्त्यांनी घेतला असेल तर आणखी जपावं लागतं, कारण बऱ्याच अटींमध्ये हप्ता ही पूर्ण हंगामाच्या किमतीची फोड असते. तिथे मधेच पास सोडला तरी उरलेले हप्ते देणं लागतंच.

दुसरं म्हणजे पैसे कोणी घेतले. आयफोनमधून ॲपलच्या खात्यातून पैसे गेले असतील तर खेळाचं ॲप ते परत देऊ शकत नाही, मागणी reportaproblem.apple.com इथेच करावी लागते. गूगल प्लेवरून घेतलं असेल तर पहिल्या ४८ तासांत गूगलकडेच अर्ज करता येतो, त्यानंतर ॲपवाल्यांकडे जावं लागतं. थेट ॲपच्या संकेतस्थळावर कार्डाने किंवा यूपीआयने भरलं असेल तर ॲपवालेच जबाबदार. चुकीच्या दारी आठवडाभर पत्रव्यवहार करून मुदत हुकलेली मी पाहिली आहे.

आतापर्यंत धरलं होतं, की शर्यती वेळापत्रकाप्रमाणे होतात आणि आपणच सोडून जातो. खरी कसोटी लागते ती सामनेच थांबतात तेव्हा. आयपीएलचा २०२१चा हंगाम ९ एप्रिलला सुरू झाला, अंतिम सामना ३० मेला व्हायचा होता. ४ मेला करोनामुळे तो थांबला. साठपैकी २९ सामने झाले होते, ३१ राहिले होते. त्या दिवशी दोन्ही मापं जवळपास सारखंच सांगत होती: निम्म्याहून थोडे जास्त सामने शिल्लक, आणि बावन्नपैकी सत्तावीस दिवस शिल्लक. पण उरलेले सामने अमिरातीत १९ सप्टेंबरला सुरू झाले. कुणाच्या पासवर ‘३० मेपर्यंत’ असं छापलेलं असेल, तर दिवसांच्या मापाने तो तोवर संपून चार महिने होत आले होते, आणि सामन्यांच्या मापाने ३१ सामने अजून येणं होते. अशा वेळी प्रेक्षकाने दिवसांचं माप मुळीच मान्य करू नये. त्याने साठ सामने विकत घेतले होते.

सामने पुढे ढकलले आणि पासही तेवढा वाढवला, तर मागण्यासारखं फारसं राहत नाही. सामने रद्दच झाले, तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२० साली प्रत्येक संघाचे १६२ऐवजी ६० सामनेच ठरवले गेले. तिथे निम्म्याहून अधिक माल दिलाच गेला नाही, आणि आपल्याकडच्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या भाषेत ही सेवेतली त्रुटी आहे असा दावा तिथे नीट उभा राहू शकतो. उलट २०२३मध्ये पुरामुळे इमोलाची एकच शर्यत रद्द झाली आणि २३च्या २२ झाल्या. एवढ्यासाठी अटींमध्ये ‘वेळापत्रकात बदल होऊ शकतो’ हे वाक्य असतंच.

सामने मोजताना आपल्या पासवर दिसणारेच मोजावेत, हेही सांगायला हवं. एनबीएमध्ये साखळीत प्रत्येक संघाचे ८२ सामने असतात. एकाच संघाचा पास असेल तर भागाकार ८२ने करायचा, पूर्ण लीगच्या आकड्याने नाही. अमेरिकेत स्थानिक वाहिनीवर दाखवले जाणारे सामने अनेक पासांवर बंद असतात, तेही वजा करावे लागतात.

या दोन मापांखेरीज एक तिसरं माप आहे आणि वाद घालताना मला तेच सगळ्यात उपयोगी वाटतं. हंगाम पुढे सरकतो तशी अनेक ॲपं पासची किंमत उतरवतात. आज नवीन ग्राहकाला उरलेले सामने ज्या किमतीला विकले जात आहेत, ती कंपनीने स्वतःच ठरवलेली उरलेल्या सामन्यांची किंमत आहे. आपल्या त्या गृहस्थांना ऑगस्टमध्ये ॲपवर ‘उरलेला हंगाम ६०० रुपये’ असं दिसलं, तर त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. त्यांचा ५०० किंवा ५६२चा दावा अवाजवी आहे असं कंपनीला मग म्हणता येत नाही.

मागणीचं पत्र लहान असावं. पास कधी घेतला, कर धरून खात्यातून नेमके किती गेले, एकूण शर्यती किती, झाल्या किती, उरल्या किती, पास कोणत्या तारखेला संपतो, आणि त्यावरून किती मागतो. अटींमध्ये माप लिहिलेलं नसेल तर तेही विचारावं: परतावा दिवसांनी मोजता की सामन्यांनी? उत्तर लेखी घ्यावं. रद्द करण्याचं बटणच सापडू नये अशी रचना केली असेल, तर नोव्हेंबर २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तिला सबस्क्रिप्शन ट्रॅप म्हटलं आहे आणि ती प्रतिबंधित तेरा प्रकारांपैकी एक आहे. त्या पडद्याचाही फोटो ठेवावा. समाधान झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा आयोगात गेलात, तर इतक्या लहान रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही.

आणि पत्र पाठवायचा दिवस मापावरूनच ठरवावा. कंपनी दिवस मोजत असेल तर शर्यतीनंतरच्या सोमवारीच पाठवावं, सुट्टीचे आठवडे वाया घालवू नयेत. शर्यती मोजत असेल तर पुढच्या सरावाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबलं तरी चालतं. तोवर जुन्या शर्यती पुन्हा बघता येतात.