एक चुकलेले माप आणि पंधरा चढ

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून आम्ही एकाच थानातले मांजरपाटाचे तुकडे आणले: १ ते ६ मीटर लांबीचे. प्रश्न साधा होता. एका मीटरचे वजन किती? प्रत्येक तुकडा एकाच पिशवीत घालून तराजूवर ठेवला. लांबीच्या क्रमाने नोंदी (ग्रॅममध्ये) अशा झाल्या: १४०, २६२, ३७८, ५०२, ६१८, ४७०.

न्यूनतम वर्ग पद्धतीने रेषा काढली, तर चढ आला ८१.२. म्हणजे मीटरला ८१ ग्रॅम! पहिल्या पाच नोंदींत वजन दर मीटरला १२० च्या आसपास वाढताना दिसत असताना हे उत्तर पटेना. या पद्धतीत रेषेपासूनच्या अंतराचा वर्ग होतो, त्यामुळे एकच लांब पडलेला बिंदू रेषेला स्वतःकडे ओढून घेतो. तो टोकाला असला की ओढ आणखी वाढते.

मग दुसरा मार्ग घेतला. सहा बिंदूंच्या पंधरा जोड्या होतात. प्रत्येक जोडीतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढायचा, म्हणजे वजनातला फरक भागिले लांबीतला फरक. पहिल्या दोन नोंदींचा चढ १२२, पहिल्या आणि तिसरीचा ११९, असे पंधरा चढ लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले:

−१४८, −१६, ३०.७, ५२, ६६, ११६, ११६, ११८.७, ११९, ११९.५, १२०, १२०, १२०.७, १२२, १२४.

मधला, म्हणजे आठवा, ११८.७. हाच मध्यक आपले उत्तर. सहावी नोंद फक्त पाच जोड्यांत येते. ते पाचही चढ एका टोकाला जाऊन बसले, आणि मध्यक जेमतेम हलला.

आता प्रत्येक वजनातून लांबी गुणिले ११८.७ वजा करून उरलेल्या संख्यांचा मध्यक घेतला, तो सुमारे २३ ग्रॅम आला. हे पिशवीचे वजन. या रेषेप्रमाणे सहा मीटरचा तुकडा ७३५ च्या आसपास भरायला हवा होता. पुन्हा तोलला, तर ७४० भरला! लिहिताना ७ आणि ४ यांची अदलाबदल झाली होती. न्यूनतम वर्गाच्या रेषेवरून हे इतके स्वच्छ कळले नसते, कारण तिथे पाचवी, अगदी बरोबर असलेली नोंदही शंभर ग्रॅमने चुकलेली दिसते. नोंद सुधारल्यावर मात्र दोन्ही पद्धती जवळ आल्या: ११९.८ आणि १२०.

हेन्री थाईल यांनी १९५० मध्ये ही पद्धत मांडली. कोलकात्याचे प्रणव कुमार सेन यांनी १९६८ मध्ये ती, एकाच लांबीच्या दोन नोंदी असल्या तरी चालेल अशी, वाढवली. अशा जोडीचा चढ निघत नाही, ती सोडून द्यायची.

मर्यादाही पाहू. सहांपैकी दोन नोंदी बिघडल्या तर नऊ चढ नासतात आणि चांगले सहाच उरतात. मग मध्यकावर भरवसा ठेवता येत नाही. नोंदी खूप असल्या तरी साधारण २९ टक्क्यांपर्यंतच बिघाड ही पद्धत सोसते. आणि तराजूच प्रत्येक वजन दहा टक्के जास्त दाखवत असेल, तर पंधराही चढ एकमताने चुकतील.