आधी m की आधी n?

१/२, २/३, ३/४, ४/५... ही संख्यांची रांग कुठे चालली आहे हे सांगायला गणिताची पदवी लागत नाही. ती १ कडे चालली आहे. १ ला ती कधीच शिवत नाही, पण हवी तितकी जवळ जाते, आणि एकदा जवळ गेली की पुन्हा लांब जात नाही. अशा रांगेला क्रमिका म्हणतात आणि ती जिथे पोचू पाहते त्या संख्येला तिची सीमा.

आता एका रांगेऐवजी आडव्या-उभ्या चौकटींचा कागद डोळ्यांपुढे आणा. तो उजवीकडेही संपत नाही आणि खालीही संपत नाही. उजवीकडे सरकताना m वाढतो, खाली उतरताना n वाढतो, आणि प्रत्येक चौकटीत m/(m+n) ही संख्या लिहिलेली आहे. ही झाली दुहेरी क्रमिका. प्रश्न साधा वाटतो: m आणि n दोन्ही अमर्याद वाढले, तर या संख्या कुठे जातात?

पहिल्या ओळीत n = १ आहे. तिथे m = ९ ला ०.९, m = ९९ ला ०.९९, m = ९९९ ला ०.९९९ मिळते. ओळीची सीमा १. दुसरी ओळ, दहावी ओळ, हजारावी ओळ, कुठलीही घ्या; n जागचा हलत नाही आणि m त्याला कितीतरी मागे टाकतो, म्हणून सीमा १ च येते. सगळ्या ओळींची उत्तरे एकाखाली एक लिहिली तर १, १, १, १... अशी यादी होते आणि तिची सीमाही १. म्हणजे आधी m ला अनंताकडे नेले, मग n ला, तर उत्तर १.

आता कागद तोच, आकडे तेच, पण उभ्या रकान्यांतून उतरू. पहिल्या रकान्यात m = १ आहे. n = ९ ला ०.१, n = ९९ ला ०.०१. सीमा शून्य. प्रत्येक रकान्याचे हेच, कारण आता m जागेवर थांबला आहे आणि छेदातला n वाढत सुटला आहे. रकान्यांच्या उत्तरांची यादी ०, ०, ०, ०... आणि अंतिम उत्तर ०.

हिशेब दोन्हीकडे बिनचूक आहे. एकापाठोपाठ एक घेतलेल्या अशा सीमांना पुनरावृत्त सीमा म्हणतात, आणि त्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते, हे या इवल्याशा अपूर्णांकात दिसते. तिरके चालत गेलात, म्हणजे m आणि n सारखे ठेवलेत, तर प्रत्येक चौकटीत १/२ आहे. m कायम n च्या तिप्पट ठेवलात तर प्रत्येक चौकटीत ३/४. ० आणि १ यांच्या दरम्यानचे कुठलेही उत्तर मिळवून देणारी वाट या कागदावर आहे. म्हणून ‘दोन्ही एकदम अनंताकडे’ या अर्थाची सीमा इथे नाहीच.

असे का होते, ते ओळींमध्ये जरा थांबून पाहिले की कळते. पहिल्या ओळीत ०.९९ गाठायला ९९ पावले पुरतात. दहाव्या ओळीत ९९० लागतात, हजाराव्या ओळीत ९९,०००. प्रत्येक ओळ १ कडे जाते हे खरे, पण जितके खाली जावे तितकी ती उशिरा जाते, आणि या उशिराला हद्द नाही. ‘अमुक रकान्याच्या पुढे सगळ्याच ओळी ०.९९ च्या वर असतील’ असा एकही रकाना दाखवता येत नाही. माझ्या मते ओळखण्याची खूण हीच: हवी ती जवळीक साधायला लागणारी पावले दुसऱ्या अंकावर अवलंबून आहेत का? नसतील, म्हणजे सगळ्या ओळींना एकच पल्ला पुरत असेल, तर त्याला एकसमान अभिसरण म्हणतात. ओळी अशा एकसमान रीतीने आपापल्या सीमेकडे जात असतील आणि रकान्यांनाही सीमा असतील, तर क्रम बिनधास्त बदलावा. उत्तर एकच येते. मूर आणि ऑसगुड यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त हीच हमी देतो. 1/(m+n) घेऊन पाहा: ०.०१ च्या खाली जायला शंभर पावले सगळ्या ओळींना पुरतात, आणि तिथे भांडणच नाही.

दोन्ही क्रमांनी एकच उत्तर आले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. mn/(m²+n²) मध्ये ओळींनी गेलात तरी ०, रकान्यांनी गेलात तरी ०. पण तिरक्या वाटेवर प्रत्येक चौकटीत १/२ बसलेला आहे.

या प्रश्नात मोठी माणसेही अडकली आहेत. ऑगुस्तँ लुई कोशी यांनी १८२१ साली पॅरिसमध्ये विश्लेषणावरचे आपले प्रसिद्ध पाठ्यपुस्तक छापले. त्यात विधान होते की, सलग फलनांची श्रेणी अभिसारी असेल तर तिची बेरीजही सलगच असते, तिच्यात कुठे उडी नसते. १८२६ मध्ये नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेल या विशीतल्या गणितज्ञाने एका तळटीपेत लिहिले की, या विधानाला अपवाद आहेत, आणि उदाहरण दिले:

sin x − (sin 2x)/2 + (sin 3x)/3 − ...

x हा π पेक्षा किंचितही कमी असेल तर ही बेरीज x/2 भरते. पण x नेमका π झाला की प्रत्येक पद शून्य, म्हणून बेरीजही शून्य.

हा आपला चौकटींचा कागदच आहे. x = π − 1/m घ्या आणि पहिल्या n पदांची बेरीज चौकटीत लिहा. आधी n ला अनंताकडे नेले तर x/2 मिळते, आणि मग m वाढवल्यावर π/2, म्हणजे सुमारे १.५७. आधी m ला नेले तर x जाऊन π वर बसतो, ठरावीक n पदे सगळी शून्य होतात आणि उत्तर ०. कोशींच्या सिद्धतेत ही अदलाबदल नकळत गृहीत धरली गेली होती. १८४७-४८ च्या सुमारास स्टोक्स आणि झायडेल यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, अशा ठिकाणी श्रेणी बेसुमार मंदावते. १८५३ मध्ये कोशींनी स्वतः विधान दुरुस्त केले.

मंदावते म्हणजे काय, हे इथेही मोजता येते. x हा π च्या जितका जवळ, तितकी जास्त पदे घ्यावी लागतात. ढोबळमानाने m दहापट झाला की पदेही दहापट. आणि तिरक्या वाटा इथे जास्त चकित करतात. n आणि m बरोबरीने वाढवले तर बेरीज ०.९५ च्या आसपास स्थिरावते. n हा m च्या तिप्पट ठेवला तर ती १.८५ कडे जाते, म्हणजे दोन्ही क्रमांच्या उत्तरांच्या, ० आणि १.५७ च्या, दरम्यानही राहत नाही. वरच्याला ओलांडून पुढे जाते. उडीच्या तोंडाशी येणारा हा उंचवटा कितीही पदे घेतली तरी खाली बसत नाही, फक्त उडीच्या अधिकाधिक जवळ सरकतो. इंग्लंडच्या हेन्री विल्ब्रहॅम यांनी तो १८४८ मध्ये नोंदवला होता, पण तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १८९९ मध्ये अमेरिकेच्या जोसाया विलर्ड गिब्ज यांनी तो पुन्हा मांडला आणि आज तो गिब्ज यांच्याच नावाने ओळखला जातो.