वहीच्या फोटोंवरून तेरीज आणि ताळेबंद : बेरीज जुळली तरी हिशेब चुकलेला असू शकतो



३१ मार्च झाला की बहुतेक बोटमालक रोजकीर्दीच्या पानांचे फोटो काढून हिशेबनिसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. पुढे ताळेबंद तयार होतो, त्यावर सही होते, आणि तोच कागद बँकेत कर्जासाठी जातो. मधल्या काळात त्या फोटोंचं काय होतं आणि चूक कुठे लपते, ते एका उदाहरणातून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

दोन भावांची भागीदारी आहे, एक ट्रॉलर आहे. वही ४६ पानांची आहे.

आधी पानं, मग आकडे

फोटो आले की पहिलं काम म्हणजे ते पानांच्या क्रमाने लावणं. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज असते आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर तीच 'मागून आणली' म्हणून लिहिलेली असते. ही साखळी सलग आहे का, ते बघायचं. पहिल्या पानावर १ एप्रिलची सुरुवातीची नोंद हवी, म्हणजे बोट, जाळी, कर्ज, बँकेतली शिल्लक आणि भांडवल. ती नसेल तर गेल्या वर्षीच्या ताळेबंदावरून घ्यावी लागते.

मग खतावणी. रोजकीर्दीतली प्रत्येक नोंद दोन खात्यांत जाते. पंपाला बँकेतून २९,४०० दिले, तर डिझेल खाते नावे २९,४०० आणि बँक खाते जमा २९,४००. सगळ्या खात्यांच्या शिलका काढून नावे एका बाजूला आणि जमा दुसऱ्या बाजूला मांडल्या की झाली तेरीज. दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात.

जुळली नाही तर

आपल्या उदाहरणात नावे ५२,८५,५०० आली आणि जमा ५२,९०,०००. फरक ४,५०० चा. या फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. असा भाग गेला तर बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते किंवा एखादं शून्य गळालेलं असतं. शोधल्यावर सापडलं, की डिझेलचे २९,४०० हे बँक खात्यात बरोबर गेले, पण डिझेल खात्यात २४,९०० पडले. फरक ८, ८०, ८०० किंवा ८,००० असा आला तर मराठी आकड्यांतला १ आणि ९ तपासा. घाईच्या अक्षरात, त्यातून बर्फाच्या पाण्याने शाई फुटली असेल तर, ते दोन्ही सारखेच दिसतात.

जुळली तरी

दुरुस्तीनंतर दोन्ही बाजू ५२,९०,००० झाल्या. इथे बरेच जण थांबतात. पण खरी चूक अजून आतच होती, कारण ३१ नंबरच्या पानाचा फोटो आलेलाच नव्हता.

अख्खं पान गळलं तर त्यातली नावेही जाते आणि जमाही जाते, म्हणून तेरीज जुळलेलीच राहते. एकच पान दोनदा आलं तरी तसंच. फोटोत १ चा ९ वाचून दोन्ही खात्यांत तोच चुकीचा आकडा घातला, तरीही बेरीज जुळतेच. ही चूक दोनच गोष्टी पकडतात, एक म्हणजे पानांची साखळी आणि दुसरं बँकेचं पासबुक. तेरजेत बँक शिल्लक १,०५,००० होती आणि पासबुकात १,६५,०००. फरक ६०,०००. पान ३१ मागवलं तर त्यावर मासेविक्रीचे बँकेत आलेले १,००,००० आणि डिझेलला बँकेतून दिलेले ४०,००० होते. हे पान राहिलं असतं तर नफा ६०,००० ने कमी दिसला असता.

पान धरून खरी तेरीज अशी झाली :

नावे : बोट व इंजिन १८,००,०००, जाळी २,००,०००, डिझेल १४,२०,०००, बर्फ, रेशन, दुरुस्ती ५,००,०००, खलाशांचा पगार ७,६०,०००, व्याज ९०,०००, खलाशांकडे उचल ६०,०००, भागीदारांची उचल २,४०,०००, मासे एजंटकडून येणे १,४०,०००, बँक १,६५,०००, रोख १५,०००. एकूण ५३,९०,०००.

जमा : मासेविक्री ३२,००,०००; भांडवल १२,००,०००; बँकेचं कर्ज ८,४०,०००; डिझेल पंपाचं देणं १,५०,०००. एकूण ५३,९०,०००.

'उचल' कोणाची?

आपल्या वह्यांत सगळ्यात जास्त घोळ या एका शब्दाचा. 'उचल १०,०००' एवढंच लिहिलेलं असतं. खलाशाने उचल घेतली असेल तर ते आपलं येणं आहे. बंदी संपून ऑगस्टमध्ये तो परतला की पगारातून वळतं होईल, आजच खर्च नाही. मालकाने घरासाठी घेतली असेल तर ती भांडवलातून वजा होते. तोही धंद्याचा खर्च नाही. फोटोवरून हिशेबनिसाला हे कळत नाही आणि तो अंदाजाने कुठेतरी टाकतो. दोन्ही नावे बाजूलाच असल्यामुळे तेरीज इथेही तक्रार करत नाही. म्हणून पुढे नाव लिहा.

शेवटच्या दुरुस्त्या आणि ताळेबंद

३१ मार्चला आपला हंगाम चालूच असतो, बंदी लागते १ जूनला. त्यामुळे त्या दिवशी काही गोष्टी वहीत नसतात. इथे मार्चचा ४५,००० पगार द्यायचा राहिला होता आणि टाकीत २५,००० चं डिझेल शिल्लक होतं. शिवाय घसारा. बोटीवर १० टक्के म्हणजे १,८०,००० आणि जाळी निम्मी झिजली म्हणून १,००,००० धरले. प्राप्तिकरासाठीचे दर वेगळे असतात, ते आपल्या सीएला विचारावे.

विक्री ३२,००,००० मधून तेरजेतला खर्च २७,७०,००० गेला, राहिले ४,३०,०००. त्यातून घसारा २,८०,००० आणि राहिलेला पगार ४५,००० वजा केला, डिझेलचा साठा २५,००० मिळवला. निव्वळ नफा १,३०,०००.

मालमत्ता : बोट १६,२०,०००, जाळी १,००,०००, डिझेल २५,०००, एजंट १,४०,०००, खलाशांची उचल ६०,०००, बँक १,६५,०००, रोख १५,०००. एकूण २१,२५,०००.

भांडवल व देणी : भांडवल १२,००,००० अधिक नफा १,३०,००० वजा भागीदारांची उचल २,४०,०००, म्हणजे १०,९०,०००, कर्ज ८,४०,०००, पंप १,५०,०००, पगार देणे ४५,०००. एकूण २१,२५,०००.

भावांच्या तोंडी हिशेबात 'चार लाख सुटले' होते. ताळेबंद सांगतो की कमाई १,३०,००० ची आणि घरात नेले २,४०,०००. भांडवलातले १,१०,००० एका वर्षात खाल्ले गेले. बँकेचा अधिकारी पहिल्यांदा हेच बघतो.

फोटो पाठवताना

पानांना नंबर घाला, चारही कोपरे दिसू द्या, आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा म्हणजे आकडे पुसट होत नाहीत. सोबत ३१ मार्चपर्यंतच्या पासबुकाची पानं, एजंट आणि पंपाकडच्या बाकीची चिठ्ठी, आणि त्या दिवशी मोजलेली रोख लिहून द्या. सही करण्याआधी ताळेबंदातली बँक शिल्लक पासबुकाशी स्वतः लावून बघा. फरक असेल तर कारण मागा. एखादा चेक वटायचा राहिला असेल तर ते चालतं, कारणच सापडत नसेल तर सही करू नका.