गर्दी टळली, गवा वाचला

9 डिसेंबर 2020 रोजी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक रानगवा शिरला. बघ्यांची गर्दी जमली, आरडाओरडा व पाठलाग झाला. बिथरलेला तो प्राणी कित्येक तास धावत राहिला. भुलीचे औषध देऊन पकडल्यानंतर त्याने प्राण सोडले. 22 डिसेंबरला बावधन परिसरात दुसरा गवा आला. या वेळी लोकांना दूर ठेवण्यात आले, जंगलाकडील वाट मोकळी राहिली आणि गवा आपल्या पावलांनी परतला.

त्याच महिन्यात सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात बिबट्याने तिघांचा बळी घेतला. म्हणून करकंबसारख्या वस्तीलाही हा धडा परका नाही. बिबट्या दिसताच मुलांना घरात घ्यावे, दारे लावावीत व वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे. तो समोर आल्यास पाठ फिरवून पळू नये, खाली वाकू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. तो गोदामात शिरला आणि आत कोणी नसेल, तर बाहेरून दार ओढून घ्यावे. मोकळ्यावर मात्र त्याला घेरू नये. भुलीचा बाण लागल्यावरही औषध भिनण्यास काही मिनिटे जातात. त्या अवधीत भोवती जमलेली गर्दी माणसाच्या आणि प्राण्याच्याही जिवावर बेतते.